एमसीव्ही नॉर्मल, मग रक्त कमी कसं?

प्रश्न: आईचं हिमोग्लोबिन ८.६ आलंय, पण एमसीव्ही ८८ म्हणजे नॉर्मल. मग लोह कमी नाही ना? (परभणी)

असं म्हणता येत नाही. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान. ८० फेम्टोलिटरच्या खाली पेशी लहान: बहुतेकदा लोहाची कमतरता, कधी थॅलेसेमिया मायनर. १०० च्या वर मोठ्या: बी-१२ किंवा फोलेट कमी, दारू, काही औषधं. मधल्या गटात किडनीचा जुना आजार, नुकताच झालेला रक्तस्राव वगैरे.

पण सरासरी फसवते. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर निम्म्या पेशी ७० च्या, निम्म्या १०६ च्या असू शकतात. सरासरी येते ८८. वर्षानुवर्षं भाकरी-वरण आणि जेवणावर लगेच चहा, दूध-दही नावालाच, अशा शाकाहारी घरात ही जोडी नवलाची नाही.

रिपोर्टमध्ये खाली आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे तो आकडा, बघा. साधारण साडेचौदाच्या वर, समजा २१ असेल, तर पेशी एकसारख्या नाहीत. मग स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा: फिकट लहान पेशींसोबत मोठ्या अंडाकृती पेशी आणि पाचाहून जास्त खंडांचं केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दिसल्या की संशय पक्का होतो. लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, बी-१२ आणि किडनीसाठी क्रिएटिनिन डॉक्टरांना विचारून करून घ्या.

तोवर मेडिकलमधून नुसत्या लोह-फोलिक गोळ्या आणू नका. बी-१२ कमी असताना फोलिकने हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, पण पायांच्या मुंग्या, म्हणजे नसांचं नुकसान, आतून चालूच राहतं.