मार्गदर्शक तत्त्व की मूलभूत हक्क: निकाल कसा लागतो?

प्रश्न: मार्गदर्शक तत्त्व अमलात आणायला सरकारने कायदा केला आणि त्याने मूलभूत हक्कावर गदा आली, तर शेवटी वरचढ कोण? पुस्तकात सगळीकडे नुसतं 'समतोल' लिहिलंय.

उत्तर: नियम म्हणून मूलभूत हक्क वरचढ. याला एकच खरा अपवाद आहे, अनुच्छेद ३१ग. पण त्याचं कवच फक्त ३९(ख) आणि ३९(ग) या दोन तत्त्वांसाठीच्या कायद्यांना मिळतं, आणि तेही अनुच्छेद १४ आणि १९ पुरतंच. 'समतोल' हा शब्द या अपवादाच्या बाहेर कामाला येतो.

मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या खटल्यात हे सगळं एकाच ठिकाणी दिसतं. म्हाडा कायदा १९७६चा. १९८६ मध्ये त्यात प्रकरण आठ-अ घातलं गेलं. जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेसाठी मागणी केली, तर इमारत आणि जमीन संपादित करून त्यांच्या संस्थेला देता येईल, अशी ती तरतूद होती. मालकाला रक्कम मिळणार ती मासिक भाड्याच्या शंभरपट. ही भाडी भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली, त्यामुळे समजा भाडं महिना १०० रुपये असेल तर हाती पडणार १०,००० रुपये. मालकांचा राग समजण्यासारखा आहे. गळक्या छपराखाली, टेकू लावलेल्या जिन्यावरून ये-जा करणाऱ्या भाडेकरूंची निकडही तितकीच खरी आहे.

मालक म्हणाले, हा समानतेचा भंग आहे. सरकारने कलम १अ कडे बोट दाखवलं. त्यात सरळ लिहिलं आहे की कायदा ३९(ख) अमलात आणण्यासाठी आहे, म्हणजे समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हिताचं व्हावं म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ३१ग चा आधार घेऊन मालकांची याचिका फेटाळली.

मग असं नुसतं लिहून दिलं की कवच मिळतं का? नाही, आणि माझ्या मते गाभ्याचा मुद्दा हाच आहे. १९७१ च्या २५व्या घटनादुरुस्तीने ३१ग आणला तेव्हा त्याचा दुसरा भाग असा होता की कायद्यात तशी घोषणा असेल तर न्यायालयाने तिची तपासणीच करायची नाही. केशवानंद भारती खटल्यात १९७३ मध्ये पहिला भाग टिकला, हा दुसरा भाग रद्द झाला. तेव्हापासून कायद्याचा त्या तत्त्वाशी खरोखर संबंध आहे का, हे न्यायालय स्वतः पाहतं. १९७६ मध्ये ४२व्या दुरुस्तीने हे कवच सगळ्याच मार्गदर्शक तत्त्वांना दिलं. मिनर्व्हा मिल्स निकालाने १९८० मध्ये ती वाढ घटनाबाह्य ठरवली.

मालकांनी इथेच एक बारीक मुद्दा काढला: ४२व्या दुरुस्तीने जुने शब्द काढून नवे घातले, नवे रद्द झाले, मग जुने परत कुठून येणार? ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं की केशवानंद निकालात टिकलेला ३१ग आजही जिवंत आहे. पण त्याच निकालात बहुमताने असंही ठरलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' होत नाही. त्या साधनाचं स्वरूप काय, त्याचा समाजावर परिणाम किती, ते दुर्मीळ आहे का, ते मोजक्या हातांत एकवटलं तर काय होईल, हे पाहायचं. म्हणजे कवच राहिलं, पण त्यात शिरायचं दार अरुंद झालं. प्रकरण आठ-अ वैध की अवैध, हे या निकालाने ठरवलेलं नाही. त्याने फक्त मोजपट्टी दिली.

आता कवच नसलेले कायदे. इथे मार्गदर्शक तत्त्व हक्काला हरवत नाही, पण १९ खालचा निर्बंध 'वाजवी' आणि 'जनहिताचा' आहे का, हे ठरवताना ते पारड्यात पडतं. गोवंशाविषयीच्या अनुच्छेद ४८ चंच पाहा. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरुपयोगी झालेल्या बैलांच्या कत्तलीवरची सरसकट बंदी खाटकांच्या व्यवसायस्वातंत्र्यावरचा अवाजवी निर्बंध ठरवली. २००५ मध्ये गुजरातच्या कायद्यात तशीच बंदी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने वैध ठरवली, आणि त्यात ४८ ला बरंच वजन दिलं. तत्त्व तेच, हक्क तोच, निकाल उलटा. म्हणून या भागात आधीच उत्तर सांगता येत नाही, पुरावा आणि निर्बंधाची तीव्रता पाहावी लागते.

परीक्षेत किंवा खटल्यात असा कायदा समोर आला तर आधी तत्त्व ३९(ख) किंवा (ग) आहे का ते बघा. नसेल तर थेट वाजवीपणाकडे जा. असेल तर संबंध खरा आहे का ते तपासा. कायदा राज्याचा असेल तर तो राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवून त्यांची संमती घेतली होती का, हेही पाहा. त्याशिवाय ३१ग लागूच होत नाही, आणि पुष्कळजण नेमकी हीच अट विसरतात. शेवटी, आक्षेप १४ किंवा १९ चाच आहे ना? अनुच्छेद २१ खाली आलेल्या आक्षेपाला हे कवच अडवू शकत नाही.