कार्थेजकडे पैसा होता, मग माणसं का नव्हती?

कार्थेज म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं, दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं शहर. रोमकडे सुरुवातीला धड आरमारही नव्हतं. मग कार्थेज रोमशी पहिलंच युद्ध समुद्रात कसं हरलं?

रोमन लोक रातोरात खलाशी बनले, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. सिसिलीतल्या मेसाना शहरावरून इ.स.पू. २६४ मध्ये लढाई जुंपली. पुढे रोमने कार्थेजचं किनाऱ्याला लागलेलं एक जहाज नमुना म्हणून घेतलं आणि शंभर मोठ्या युद्धनौका बांधल्या. शत्रूच्या जहाजावर आदळून अडकून बसणारा एक पूल त्यांनी जहाजांवर बसवला. त्याच्या टोकाला खालच्या बाजूने चोचीसारखा खिळा असे, म्हणून त्याचं नाव ‘कावळा’. त्यामुळे समुद्रावरही जमिनीसारखी हातघाईची लढाई करता येऊ लागली. पण इ.स.पू. २५५ मध्ये सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या ३६४ रोमन जहाजांपैकी ८० उरली, आणि २४९ मध्ये द्रेपानापाशी कार्थेजने त्यांचा सपशेल पराभव केला. पोलिबिअस या ग्रीक इतिहासकाराचा हिशोब मानला, तर या युद्धात जिंकणाऱ्या रोमची सुमारे ७०० जहाजं गेली आणि हरणाऱ्या कार्थेजची ५००.

तेव्हा निकाल नौकानयनाने लागला नाही. वीस-बावीस वर्षांच्या लढाईनंतर दोघांच्याही तिजोऱ्यांत खडखडाट होता. त्या क्षणी कोणी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. कार्थेजने इजिप्तच्या टॉलेमी राजाकडे २,००० टॅलंट चांदी उसनी मागितली (एक टॅलंट म्हणजे साधारण २६ किलो). दोन्ही पक्ष माझे मित्र, असं सांगून त्याने हात वर केले. रोममध्ये श्रीमंतांनी स्वतःच्या खिशात हात घातला. कोणी एकट्याने, कोणी दोघा-तिघांत मिळून एकेक जहाज बांधून दिलं. जिंकलो तर सरकारने पैसे परत करायचे, हरलो तर पैसे बुडाले. अशी २०० जहाजं उभी राहिली.

सेनापती कातुलुसने सिसिलीतल्या कार्थेजच्या उरलेल्या बंदरांची नाकेबंदी केली आणि वल्हेकऱ्यांकडून रोज सराव करून घेतला. कार्थेजने घाईघाईत आरमार पाठवलं, पण ते धान्याने ओझावलेलं होतं आणि वल्ह्यांवर नवखी माणसं होती. आधी धान्य उतरवायचं, मग तिथला आपला सेनापती हॅमिल्कार बार्का याचे कसलेले शिपाई जहाजांवर घ्यायचे आणि नंतर लढायचं, असा बेत होता. कातुलुसने ते मधलं पाऊल पडूच दिलं नाही. २४१ च्या मार्चमध्ये एगेडी बेटांपाशी वारा कार्थेजच्या बाजूने होता, समुद्र खवळलेला होता, तरी तो अंगावर गेला. पन्नास जहाजं बुडाली, सत्तर पकडली गेली. त्याच समुद्रतळातून अलीकडे जहाजांच्या नाकाडावरची, शत्रूच्या जहाजाला धडक द्यायची ब्राँझची टोकं वर काढली आहेत. काहींवर रोमन अधिकाऱ्यांची नावं आहेत, एकावर कार्थेजची प्यूनिक अक्षरं.

पण कार्थेजकडे भाडोत्री सैन्य होतं, तीच त्यांची चूक नव्हती का?

भाडोत्री शिपाई वाईट लढत नसत. हॅमिल्कारने त्यांच्याच जोरावर रोमला वर्षानुवर्षं झुंजवलं. अडचण पगाराची होती. तह झाल्यावर रोमला ३,२०० टॅलंट द्यायचे होते आणि सिसिलीहून परतलेल्या सुमारे वीस हजार शिपायांचा पगार थकला होता. कार्थेजने घासाघीस सुरू केली, त्यांनी बंड केलं.

माझ्या मते खरी गोष्ट यापुढे आहे. बंडखोरांना आसपासचा लिबियन शेतकरीवर्ग येऊन मिळाला. युद्धाच्या काळात कार्थेजने त्यांचं निम्मं पीक उचललं होतं आणि गावांवरचा कर दुप्पट केला होता. बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून बंडाला पैसे पुरवले. रोमची इटलीतली मित्रशहरं कर देत नसत, माणसं देत. लूट आणि जमिनीत त्यांनाही वाटा मिळे. संकटात त्यामुळे रोमला माणसं मिळत, आणि कार्थेजला आपल्याच रयतेची धास्ती असे.

बंड मोडेपर्यंत रोमने सार्डिनिया बळकावलं आणि वर आणखी १,२०० टॅलंट उकळले. ही उघड दंडेली होती. बेटं गेली म्हणून हॅमिल्कार स्पेनच्या चांदीच्या खाणींकडे वळला. सोबत त्याचा नऊ वर्षांचा मुलगा होता, हॅनिबल.

दुसऱ्या युद्धात, इटलीतल्या कॅनीच्या विजयानंतर हॅनिबल थेट रोमवर का चालून गेला नाही?

कॅनी ते रोम हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. तटबंदी फोडायची अवजारं जवळ नव्हती. वेढा घालून बसलेल्या सैन्याला धान्य कुठून मिळणार, हाही प्रश्न होताच. पण रोम घेणं हा बहुधा त्याचा बेतच नव्हता. रोमची मित्रशहरं फोडायची आणि रोमला तहाला बसवायचं, हा त्याचा डाव.

इ.स.पू. २१६ च्या त्या एका दिवशी रोमची किमान ४८ हजार माणसं पडली. पोलिबिअस तर ७० हजार म्हणतो. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की, हॅनिबलचा भाऊ मागो याने कार्थेजच्या सभेत मेलेल्या रोमन सरदारांच्या सोन्याच्या अंगठ्यांचा ढीग ओतला. तेव्हा विरोधी गटातल्या हॅनोने विचारलं, एक तरी लॅटिन शहर आपल्याकडे आलंय का? रोमने तहासाठी माणूस पाठवलाय का? दोन्हींचं उत्तर नाही असंच होतं. प्रसंग जसाच्या तसा घडला असेलच असं नाही, पण प्रश्न नेमके आहेत.

दक्षिणेतली काही शहरं फुटली खरी. सर्वांत मोठं कापुआ. पण त्यांनी करारातच लिहून घेतलं की, आमच्या नागरिकावर सक्तीची लष्करी चाकरी लादायची नाही. म्हणजे फुटलेल्या शहरामागे हॅनिबलला नवी फौज मिळत नव्हती, उलट राखायला एक जागा वाढत होती. आणि तो राखायला एकीकडे गेला की रोमन दुसरीकडे वेढा घालत. इ.स.पू. २११ मध्ये कापुआ पडलं. रोमची व्यवस्थाही अमर्याद नव्हती. २०९ मध्ये तीस लॅटिन वसाहतींपैकी बारांनी आता माणसं संपली म्हणून हात झटकले. अठरांनी मात्र दिली, आणि तेवढ्याने काम भागलं.

त्याच वर्षी तरुण रोमन सेनापती सिपिओने कार्थेजचं स्पेनमधलं ‘नवं कार्थेज’ हे शहर जिंकलं. चांदी गेली की पगार गेला, पगार गेला की फौज. हॅनिबल ज्यात हरला ती झामाची लढाई त्यानंतर सात वर्षांनी झाली.

तिसऱ्या युद्धापर्यंत कार्थेज दुबळं झालं होतं. मग रोमला ते का खुपत होतं?

लष्करीदृष्ट्या दुबळं, पण पैशाने नव्हे. इ.स.पू. २०१ च्या तहाने १०,००० टॅलंट पन्नास हप्त्यांत द्यायचे होते. दहाच वर्षांनी कार्थेजने सगळी रक्कम एकदम फेडतो म्हटलं. रोमने नाकारलं. हप्त्यांचा उपयोग दोरीसारखा होता. १५१ मध्ये शेवटचा हप्ता फिटला आणि दोरी सुटली.

तहात आणखी एक कलम होतं: रोमच्या परवानगीशिवाय युद्ध करायचं नाही. शेजारी नुमिडियाचा राजा मासिनिसा याचा फायदा घेत वर्षानुवर्षं जमीन गिळत होता, आणि रोमचे पंच बहुधा त्याच्याच बाजूने निकाल देत. अखेर कार्थेजने त्याच्यावर शस्त्र उचललं. रोमला निमित्त मिळालं. १४९ मध्ये त्यांनी आधी ३०० ओलीस मुलं मागितली, ती दिली. मग सगळी शस्त्रं मागितली, तीही दिली. मग सांगितलं, शहर सोडा आणि समुद्रापासून दहा मैल आत जाऊन राहा. बंदरावर पोट असलेल्या शहराला हे सांगणं म्हणजे मरा म्हणणंच होतं. निःशस्त्र कार्थेजने त्यानंतर तीन वर्षं झुंज दिली.

शहर जाळून जमिनीत मीठ पेरलं, हे खरं का?

जाळलं, १४६ मध्ये, आणि वाचलेल्या सुमारे पन्नास हजार लोकांना गुलाम म्हणून नेलं. मिठाचा उल्लेख मात्र एकाही प्राचीन लेखकाकडे नाही. ही भर पुष्कळ नंतरची. शंभरेक वर्षांनी सीझर आणि ऑगस्टस यांनी तिथेच नवं रोमन कार्थेज वसवलं आणि आसपासच्या त्याच शेतांतलं धान्य जहाजांनी रोमला जाऊ लागलं.