मण्यार दंशाची केस रिपोर्ट: आधी टाइमलाइन, मग बाकी सगळं

प्रश्न: मेडिसिनची रेसिडेंट आहे. मण्यार दंशाची केस रिपोर्ट १८०० शब्दांची लिहिली होती. जर्नलने ‘केस रिपोर्ट लिहिण्यासाठीच्या केअर चेकलिस्टप्रमाणे मांडा, टाइमलाइन आणि रुग्णाच्या संमतीचं निवेदन नाही’ म्हणून परत पाठवली. सगळं नव्याने लिहावं लागेल का? आणि लवकर छापणारं जर्नल कुठलं?

उत्तर:

नव्याने लिहू नका, पण ‘शेवटी एक टाइमलाइन चिकटवून देते’ असंही करू नका. टाइमलाइन म्हणजे शोभेचा तक्ता, मजकुरात आलेलंच पुन्हा कशाला, असं सांगणारे सीनियर प्रत्येक विभागात असतात. त्यांच्याशी माझा जुना वाद आहे. टाइमलाइन सगळ्यांत आधी करायची असते, कारण चर्चेतली चूक तिथेच पकडली जाते.

तुमचा मजकूर मी पाहिलेला नाही, म्हणून उदाहरणापुरती एक केस रचून सांगतो. ४२ वर्षांचा शेतकरी, रात्री १० वाजता जमिनीवर अंथरुण टाकून झोपला. पहाटे साडेतीनला पोटात जोरात दुखून जाग आली, दोन उलट्या झाल्या. साडेपाचला जवळच्या दवाखान्यात पोटदुखीचं इंजेक्शन घेऊन घरी परतला. आठला पापण्या मिटायला लागल्या, एकाचे दोन दिसू लागले. सव्वादहाला तुमच्या कॅज्युअल्टीत. दंशाची खूण नाही, सूज नाही, साप कोणी पाहिलेला नाही. दहा चाळीसला सर्पविषाच्या प्रतिविषाच्या, म्हणजे एएसव्हीच्या, १० व्हायल सुरू, अकरा वीसला इंट्यूबेशन. पाचव्या दिवशी नळी काढली, नवव्या दिवशी घरी.

पहिल्या मसुद्यात हे साधारण असं लिहिलेलं असतं: ‘दंशानंतर सात तासांनी एएसव्ही देऊनही सुधारणा न झाल्याने रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले.’ वाचायला ठीक वाटतं. आता केस पेपर, नर्सिंग चार्ट आणि औषधांची नोंद समोर ठेवून कागदावर वेळा उतरवा.

पहिलाच प्रश्न: शून्य तास कोणता? दंश कोणी पाहिलेला नाही. मण्यार रात्री झोपेत चावते, दंश बहुधा दुखत नाही, खूण नीट दिसतही नाही. म्हणजे ‘दंशानंतर सात तास’ ही वेळ तुम्ही बनवलेली आहे. तुमच्याकडे खरी माहिती दोनच ठिकाणची: रात्री १० वाजता माणूस ठीक होता आणि साडेतीनला पहिलं लक्षण आलं. शून्य तास पहिल्या लक्षणाचा धरा, तसं मजकुरात एकदा स्पष्ट लिहा आणि ‘शेवटचं ठीक’ ही वेळ वजा चिन्हाने द्या:

- वजा ५ तास ३० मिनिटे: जमिनीवर झोपला, कोणतीही तक्रार नाही
- ० तास: पोटदुखीने जाग, उलट्या
- २ तास: पहिला दवाखाना, पोटदुखीचे उपचार, घरी
- ४ तास ३० मिनिटे: दोन्ही पापण्या जड, दुहेरी दृष्टी
- ६ तास ४५ मिनिटे: आपल्या रुग्णालयात दाखल
- ७ तास १० मिनिटे: एएसव्ही १० व्हायल सुरू
- ७ तास ५० मिनिटे: इंट्यूबेशन
- पाचवा दिवस: नळी काढली
- नववा दिवस: घरी सोडले

आता ते वाक्य पुन्हा वाचा. एएसव्ही सुरू झाल्यापासून नळी घालेपर्यंत ४० मिनिटं गेली. १० व्हायल सलाइनमधून साधारण तासाभरात देतात, म्हणजे औषध पूर्ण आत गेलंही नव्हतं. ‘देऊनही सुधारणा नाही’ हे विधान तिथेच कोसळतं. शिवाय दंश रात्री १० ते साडेतीन यांत कधीही झालेला असू शकतो, म्हणजे दाखल होईपर्यंत पावणेसात ते सव्वाबारा तास, इतका मोठा पल्ला. उशिरा दिलेल्या एएसव्हीबद्दल तुम्ही जे काही म्हणणार, ते या पल्ल्यावर उभं आहे. परीक्षकाला हे दोन मिनिटांत दिसतं. तुम्हाला दिसलं नाही, कारण वेळा चार परिच्छेदांत विखुरल्या होत्या.

टाइमलाइन झाली की मसुद्याची प्रिंट काढा आणि दोन रंगांची पेनं घ्या. जे घडलं, पाहिलं, मोजलं, ते निळं. जे तुम्हाला वाटलं, जे पुस्तकात आहे, ज्यात ‘कारण’, ‘सुदैवाने’, ‘सामान्यतः’ येतं, ते लाल. केस प्रेझेंटेशनमध्ये एकही लाल वाक्य उरता कामा नये. ‘मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकावर, म्हणजे स्नायूच्या अलीकडे काम करतं, म्हणून निओस्टिग्मिनचा उपयोग झाला नाही’ यातलं निळं इतकंच: निओस्टिग्मिन अॅट्रोपिनसोबत दिलं, किती, किती वेळा, पापण्यांत फरक पडला नाही. बाकीचं चर्चेत. नव्याने लिहायचं काम बहुतेक एवढंच असतं: वाक्यं उचलायची, योग्य घरी ठेवायची, आणि दोनदा आलेली कापायची.

केस प्रेझेंटेशनमध्ये उलट एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे ‘नाही’ची नोंद. या केसचं निदान ‘नाहीं’वरच उभं आहे. स्थानिक सूज नाही, त्यामुळे नागाची शक्यता मागे पडते. २० मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं, त्यामुळे घोणस मागे पडते. मेंदूचा सीटी नॉर्मल. बाहुल्या कशा होत्या, प्रतिक्षिप्त क्रिया कशा होत्या, एका श्वासात रुग्ण कितीपर्यंत मोजू शकला, हेही हवं. मायस्थेनिया, मिलर फिशर आणि बोट्युलिझम यांचा विचार केला होता की नाही, तेही निदानाच्या भागात येऊ द्या. आणि साप पाहिलेला नसेल, विषाची रक्तातली तपासणी झाली नसेल, तर शीर्षकात ‘मण्यार दंश’ ठाम लिहू नका, ‘संभाव्य’ हा शब्द घाला. याने केस हलकी होत नाही.

प्रस्तावनेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘भारत कृषिप्रधान देश आहे’ पासून सुरू झालेले ५०० शब्द कापून १२० करा. काय माहीत आहे, कुठे गोंधळ होतो, ही केस त्यात काय घालते, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत धरलं, हे प्रत्येक जण लिहितो. तुमच्या केसला त्याची गरज नसेल तर तेही काढा. ‘अशी पहिलीच केस’ हे वाक्य शोध कुठे, कोणत्या शब्दांनी आणि कधीपर्यंत घेतला ते सांगता येत असेल तरच ठेवा.

चर्चेत एकच धडा घ्या. या केसचा धडा मला तरी असा दिसतो: जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी झाली तर खूण नसली तरी पापण्या पाहा, मान उचलायला सांगा. पहिल्या दवाखान्याला दोष देत बसू नका, दोन तासांवर पापण्या कदाचित ठीकच असतील. त्यांच्याकडे नोंद असेल तर मागवा, नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ लिहा. मग मर्यादा: दंशाची वेळ अज्ञात, साप अज्ञात, विष मोजलेलं नाही. एएसव्हीने काम केलं की नाही हे एका केसवरून ठरत नाही. जडलेला पक्षाघात एएसव्हीने उलटत नाही आणि माणूस बरा झाला तो मुख्यतः व्हेंटिलेटरवर वेळ मिळाल्याने, हे म्हणायला हरकत नाही.

आता संमती, जिथे सगळ्यांत जास्त गफलत होते. दाखल होताना घेतलेली सही ही उपचारांची संमती. त्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत ‘शैक्षणिक उपयोगासाठी’ छापलेलं असलं तरी ती प्रकाशनाची संमती होत नाही. एथिक्स कमिटीचं पत्र ही तिसरीच गोष्ट, तेही संमतीच्या जागी चालत नाही. रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना पत्नीने सही केली असेल, तर माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागल्यावर त्याची स्वतःची घ्या. आता तो ‘नाही’ म्हणू शकतो, आणि म्हणाला तर रिपोर्ट तिथेच संपला. फॉर्म त्याला समजणाऱ्या भाषेत हवा. अंगठा असेल तर त्याला वाचून दाखवलं, असं लिहून तुमच्या विभागाबाहेरच्या साक्षीदाराची सही घ्या. त्याला सांगा की लेख इंटरनेटवर राहील, नाव नसलं तरी गावातला कोणी ओळखू शकेल, आणि एकदा छापल्यावर परत घेता येणार नाही.

फोटोचा प्रश्न इथेच येतो. पापण्या मिटलेल्या दाखवायच्या आणि डोळ्यांवर काळी पट्टीही मारायची, हे दोन्ही एकदम जमत नाही. तशीही ती पट्टी पुरेशी नाही, वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, हे स्पष्ट सांगितलंय. एक तर चेहऱ्याच्या फोटोसाठी वेगळी लेखी संमती घ्या, नाहीतर फोटो काढून टाका आणि पापणी बुबुळाचा किती भाग झाकते ते शब्दांत लिहा. गावाचं नाव, तारखा, केस पेपर नंबर सगळं काढा. टाइमलाइन तासांत आणि दिवसांत केल्याचा हा आणखी एक फायदा.

निवेदन असं पुरतं: ‘या केस रिपोर्टच्या आणि सोबतच्या छायाचित्राच्या प्रकाशनासाठी रुग्णाची लेखी संमती बरे झाल्यानंतर घेतली आहे.’ सही केलेला मूळ फॉर्म तुमच्या विभागात ठेवा. जर्नलने मागितल्याशिवाय अपलोड करू नका, त्यावर रुग्णाचं नाव असतं.

फॉलोअपला तो येईल तेव्हाच एक प्रश्न विचारून घ्या: हलता येत नव्हतं तेव्हा तुम्हाला काय ऐकू येत होतं? मण्यारीच्या विषाने शरीर लुळं पडतं, जाणीव मात्र शाबूत असू शकते. केअर चेकलिस्टमध्ये रुग्णाचं म्हणणं हा स्वतंत्र मुद्दा आहे, आणि बहुतेक लेखक तिथे ‘रुग्ण समाधानी होता’ लिहून मोकळे होतात. बेडशेजारी कोण काय बोललं ते त्याला आठवत असेल, तर ते तुमच्या चर्चेच्या निम्म्या भागापेक्षा मोलाचं आहे.

केअर २०१३ ची, तिची चेकलिस्ट १३ मुद्द्यांची आहे. काही जर्नल्स मात्र स्वतःचे मथळे आणि शब्दमर्यादा लावतात. काहींना टाइमलाइन तक्ता म्हणून हवी, काहींना आकृती, काहींना स्वतःचाच संमती फॉर्म भरून लागतो. बीएमजे केस रिपोर्ट्सचं तसंच आहे. तो फॉर्म रुग्ण घरी जायच्या आत पाहून ठेवा, नंतर त्याला शोधत गावोगाव फिरावं लागतं. आणि लवकर कोण छापतं, ते त्या त्या जर्नलच्या अलीकडच्या चार-पाच केस रिपोर्ट्सवर ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ तारखा बहुतेकदा छापलेल्या असतात, त्यांतलं अंतर मोजा.