‘तन्मात्र’ म्हणजे रेणू, पण अणू मात्र ‘आट्टम्’: मल्याळममधले शाळेचे विज्ञान

प्रश्न: केरळच्या मल्याळम माध्यमाच्या पुस्तकात रेणूला ‘तन्मात्र’ म्हणतात, पण अणूला सरळ इंग्रजी ‘ॲटम’. एकाच धड्यात एक शब्द संस्कृत, दुसरा इंग्रजी, असं का? आणि मुलांना यातलं सोपं काय पडतं?

ही धेडगुजरी वाटली तरी तिच्यामागे कारण दिसते. मल्याळममध्ये ‘अणु’ हा शब्द मोकळाच नाही. ‘रोगाणु’ म्हणजे जंतू, ‘अणुबाध’ म्हणजे जंतुसंसर्ग, ‘अणुनाशिनि’ म्हणजे जंतुनाशक, आणि शिवाय ‘अणुबोंब्’ आहेच. घरात फरशी पुसायच्या बाटलीवर जो ‘अणु’ मरतो, तोच रसायनशास्त्रात पदार्थाचा मूळ कण म्हणून शिकवायचा, तर पोराच्या डोक्यात जंतू वळवळणारच. हिंदीत ‘अणु’ म्हणजे रेणू आणि ‘परमाणु’ म्हणजे अणू, मराठीत अणू तो अणूच. एकाच संस्कृत शब्दाचे तीन शेजारी तीन अर्थ करतात. म्हणून संस्कृत शब्द घेतला की तो सगळ्या भारतात आपोआप समजतो, या समजुतीत फारसा दम नाही.

‘तन्मात्र’ची गोष्ट उलटी. सांख्यांची पाच तन्मात्रे, म्हणजे शब्द, स्पर्श, रूप, रस आणि गंध, ही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकाबाहेर कुणी वापरत नव्हते. शब्द मोकळा होता आणि ‘तेवढेच, फक्त ते’ हा त्याचा मूळ अर्थही बरा जुळतो, कारण पदार्थाचा गुण टिकवून राहणारा लहानात लहान कण म्हणजे रेणू. त्याच्यापुढे दुसरे शब्दही जोडता येतात. रेणुसूत्र म्हणजे ‘तन्मात्रावाक्यम्’.

आता ‘आट्टम्’. (मल्याळममध्ये इंग्रजी ‘ट’ दातांच्या मागच्या हिरडीवर जीभ टेकवून म्हणतात. आपल्या ‘ट’इतकी जीभ मागे वळत नाही, पण देवनागरीत लिहायला दुसरे अक्षर नाही.) मल्याळममध्ये संस्कृतातली बहुतेक अकारान्त नपुंसकलिंगी नामे ‘-अम्’ लावून येतात. बल झाले ‘बलम्’, मूलक झाले ‘मूलकम्’ (मूलद्रव्य). षष्ठीत ‘बलत्तिन्टे’, अनेकवचनात ‘मूलकङ्ङळ्’. इंग्रजी ‘ॲटम’च्या शेवटी योगायोगाने तोच ध्वनी आहे, त्यामुळे ‘आट्टत्तिन्टे’, ‘आट्टङ्ङळ्’ ही रूपे जन्मापासून मल्याळी असल्यासारखी चालतात. सगळ्या इंग्रजी शब्दांचे असे नशीब नसते. ‘इलक्ट्रोण्’चे ‘इलक्ट्रोणुकळ्’ होते, मधे ‘उ’ घालावा लागतो. तेही चालते, फक्त शब्द पाहुणा आहे हे कानाला कळते.

तेव्हा शब्द संस्कृत की इंग्रजी, याआधी तीन गोष्टी तपासायच्या: तो घरच्या बोलण्यात आधीच दुसऱ्या अर्थाने वापरात आहे का, त्याला विभक्ती आणि अनेकवचन नीट लागते का, आणि त्याच्यापासून क्रियापद, विशेषण, भाववाचक नाम असे कुटुंब उभे राहते का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि संस्कृत तिथेच जिंकते, तिथेच फसवतेही.

द्रावणाचा धडा घ्या. 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम मीठ विरघळवले. मीठ हे ‘लीनम्’, पाणी हे ‘लायकम्’, तयार झाले ते ‘लायनि’. विरघळण्याची क्षमता ‘लेयत्वम्’, क्रियापद ‘लयिक्कुक’. पाचही शब्द संस्कृतच्या ‘ली’ धातूचे. संस्कृत येणाऱ्याला हे सुंदर वाटते. पण तेरा वर्षांच्या मुलाला ली, लाय, लेय, लय हे एकाच मुळाचे आहेत हे दिसत नाही, त्याला ‘ल’ने सुरू होणारे पाच शब्द दिसतात. ‘लायनि’ आणि ‘लायकम्’ यांची अदलाबदल होणे ठरलेलेच. आपल्याकडे द्रावण, द्राव्य, द्रावक यांत तेच होते, आणि खरे तर इंग्रजीतली त्रयीही याला अपवाद नाही. शिवाय घरात साखर विरघळते त्याला ‘अलियुक’ म्हणतात. म्हणून आधी ‘अलियुक’ने वाक्य करावे, मग त्याच वाक्यात ‘लयिक्कुक’ घालावे आणि तिन्ही नावे त्यानंतर द्यावीत. नावांपासून सुरुवात केली की पाठांतर उरते.

उलट, घरचा शब्द हाताशी असेल तर काय होते ते ‘आक्कम्’मध्ये दिसते. संवेगाला मल्याळममध्ये ‘आक्कम्’ म्हणतात, आणि हा संस्कृत नव्हे, देशी शब्द. ‘आक्कम् कूट्टुक’ म्हणजे जोर वाढवणे, हे वर्तमानपत्रात नेहमी येते. संस्कृतशी समासही होतो. संवेग अक्षय्यतेचा नियम म्हणजे ‘आक्कसंरक्षणनियमम्’. माझ्या मते शालेय भौतिकशास्त्रातला हा सगळ्यात चांगला जमलेला मल्याळम शब्द आहे.

वस्तुमानाला ‘पिण्डम्’ आणि ‘द्रव्यमानम्’ हे शब्द आहेत, पण पुस्तकात सरसकट ‘मास्’ येतो. पिंड म्हटल्यावर तिकडेही श्राद्धाचा भात आठवतो, इकडच्यासारखाच. ‘मासम्’ म्हणजे महिना, त्याच्याशी ‘मास्’चा घोळ होईल असे वाटते. होत नाही, कारण महिन्याची षष्ठी ‘मासत्तिन्टे’ आणि वस्तुमानाची ‘मासिन्टे’. खरी अडचण ‘भारम्’ची आहे. बाजारात भारम् किलोत मोजतात, वर्गात न्यूटनमध्ये. नवा शब्द घडवून हे सुटत नाही, शिक्षकाला फरक स्पष्ट सांगावाच लागतो.

मिश्र शब्दांत ‘ओक्सीकरणम्’ मोठा हुशार आहे. इंग्रजी मूळ, संस्कृत शेपूट, आणि ‘ओक्सीकरिक्कुक’ असे क्रियापदही मिळते. क्षपणाला मात्र ‘निरोक्सीकरणम्’ म्हणतात आणि तिथे गडबड होते. 2Na + Cl₂ → 2NaCl या अभिक्रियेत सोडियम इलेक्ट्रॉन देतो म्हणून त्याचे ओक्सीकरणम्, क्लोरीन घेतो म्हणून त्याचे निरोक्सीकरणम्. ऑक्सिजन कुठेच नाही, तरी दोन्ही नावांत तो बसलेला. समीकरणात ऑक्सिजन शोधणारा विद्यार्थी दिसला की गोंधळ नावाने केला आहे असे समजावे. आपल्या ‘ऑक्सिडीकरणा’त हा दोष अर्धा उरतो, ‘क्षपण’ त्यातून सुटले आहे.

तुम्ही स्वतः मल्याळम पुस्तक वाचत असाल तर एक सावधगिरी. तिथे ‘वेगम्’ म्हणजे आपली चाल आणि ‘प्रवेगम्’ म्हणजे आपला वेग. ‘प्र’ हा उपसर्ग दिशेबद्दल काहीच सांगत नाही, त्यामुळे ही जोडी मल्याळी मुलांनाही घोकावी लागते. ‘प्रवृत्ति’ म्हणजे कार्य, बल गुणिले विस्थापन. तिचा आपल्या स्वभावाच्या प्रवृत्तीशी संबंध नाही.

मुलांना सोपे काय, याला दहावीनंतरची बाजूही आहे. अकरावीपासून विज्ञान मुख्यतः इंग्रजीतून शिकवले जाते, म्हणून शालेय पुस्तकात ‘प्रवेगम्’ पहिल्यांदा येतो तिथेच शेजारी कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो. तो कंस वाचून सोडून न देता वहीत दोन्ही शब्द एकाच ओळीत, एकाच उदाहरणाबरोबर लिहिले तर अकरावीत निम्मे काम वाचते. ‘आट्टम्’, ‘मास्’, ‘इलक्ट्रोण्’ यांना ती ओळ लागत नाही. ‘ली’च्या पाच शब्दांना पाचही ओळी लागतात.