मिठाचा 32 चुकीचा नाहीये

अगं,

तुझा रिपोर्ट वाचला. युरिया मस्त आलाय, 1.20 ग्रॅम 40 ग्रॅम पाण्यात, गोठणबिंदू 0.92 अंशाने उतरला, त्यावरून मोलर मास 60.7, खरा 60.06. पण मिठाचा मोलर मास 58.44 ऐवजी 32.2 आला आणि तू खाली 'प्रायोगिक त्रुटी' लिहून मोकळी झालीस, ते काही पटलं नाही बघ.

तुझेच आकडे घे, 1.17 ग्रॅम मीठ, पाणी तेवढंच 40 ग्रॅम, उतार 1.69 अंश. Kf हा पाण्याचा स्थिरांक 1.86, w म्हणजे मीठ ग्रॅममध्ये, W म्हणजे पाणी किलोत.

```
M = Kf × w / (ΔTf × W)
  = 1.86 × 1.17 / (1.69 × 0.040) = 32.2
```

आता हे सूत्र रेणू ओळखत नाही, फक्त पाण्यात किती कण फिरतायत ते मोजतं. युरियाचा रेणू विरघळून अख्खाच राहतो, मिठाचे मात्र सोडियम आणि क्लोराइड असे दोन तुकडे होतात, म्हणून हातात येतं ते एका कणामागचं सरासरी वजन. ते पूर्ण सुटे वागले असते तर 29.2 आलं असतं. 58.44 ला 32.2 ने भाग, 1.81 येतो, हाच व्हॅन्ट हॉफ फॅक्टर. 2 का नाही? कारण इतक्या दाट द्रावणात प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचा गराडा असतो, ते एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे परिणाम दोन पूर्ण सुट्या कणांपेक्षा कमी पडतो.

परीक्षक विचारतील, सुपरकूलिंग नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे, कारण ती चूकही मोलर मास कमीच दाखवते. द्रावण न गोठता खाली घसरतं, मग पहिला स्फटिक पडला की पारा टुणकन वर येतो, आणि घाईत तो तळाचा आकडा लिहिला की उतार जास्त वाटतो (मी बीएस्सीला नेमकं हेच केलंय). वर आल्यावरही रेघ सपाट नसते, पाणी बर्फ होत जातं तसं उरलेलं द्रावण दाट होतं, म्हणून तो तिरका भाग मागे वाढवून आधीच्या थंड होण्याच्या रेघेला जिथे मिळतो तो बिंदू घ्यायचा. तुझा ग्राफ रिपोर्टमध्ये नाहीच, तो लाव. युरिया त्याच थर्मामीटरवर, त्याच पद्धतीने बरोबर आलाय हेही लिही, पाऊण अंशाची चूक फक्त मिठालाच कशी होईल?

पातळ करून फॅक्टर 2 कडे सरकतो का बघ असं म्हटलं असतं, पण 0.1 मोलल मिठाला उतार जेमतेम 0.35 अंश, आणि आपल्या थर्मामीटरचा एक भागच 0.1 चा, त्यात आताचा 1.81 आणि तिथे येणारा 1.87 यांतला फरक दिसायचा नाही. ही मर्यादा मात्र 'त्रुटी' खाली खुशाल लिही, आणि तक्त्यात 32.2 समोर 'आभासी मोलर मास' असं लिही.