५:३० चा पेस म्हणजे ट्रेडमिलवर किती स्पीड?

घड्याळात माझा पेस ५:३०, म्हणजे एक किमीला ५ मिनिटं ३० सेकंद, दाखवतं पण ट्रेडमिलवर किमी प्रति तास टाकावा लागतो, तो कसा काढायचा? आणि उलटं?

६० ला पेसने भागायचं, बस. पण गडबड इथे होते की लोक ५:३० म्हणजे ५.३ समजून भागतात आणि उत्तर ११.३ येतं, मग पळताना धाप लागते आणि कळत नाही का. ३० सेकंद म्हणजे अर्धा मिनिट, म्हणून ५.५ धरायचं, ६० ÷ ५.५ = १०.९. दशांशाचा घोळच नको असेल तर सगळे सेकंद करा, ५:३० म्हणजे ३३० सेकंद, आणि ३६०० ÷ ३३०, तेच १०.९ येतं.

उलटं करतानाही ६० ला स्पीडनेच भागायचं. समजा स्पीड ११.५ आहे, तर ६० ÷ ११.५ = ५.२२ येतं, पण हे ५ मिनिटं २२ सेकंद नाही हां! पॉइंटनंतरचा ०.२२ परत ६० ने गुणायचा, साधारण १३, म्हणजे पेस ५:१३.

अजून एक, स्पीड १ ने वाढवला की पेस दरवेळी सारखाच कमी होतो असं नाही. ८ वरून ९ केलं तर ७:३० चा ६:४० होतो, तब्बल ५० सेकंद, आणि १४ वरून १५ केलं तर ४:१७ चा ४:००, फक्त १७ सेकंद. त्यामुळे मधले आकडे अंदाजाने धरू नका, भागूनच बघा.