विहिरीत दुसऱ्याला वाचवायला उतरलेल्याची भरपाई

प्रश्न: आमच्या गावात विहिरीचा गाळ काढायचं काम चालू होतं. ठेकेदाराने डिझेल इंजिन विहिरीत मचाणावर ठेवून पाणी उपसलं. त्याचा एक मजूर खाली उतरला आणि बेशुद्ध पडला. माझा मावसभाऊ (वय ३४, वेल्डिंगचं काम करतो) शेजारच्या रानात होता. तो दोर बांधून उतरला, मजुराला वर काढलं, पण वर येताना स्वतःच गुंगी येऊन पडला. खांदा मोडलाय, पाच दिवस आयसीयूत होता. ठेकेदार म्हणतो, "मी काय तुला उतर म्हणालो होतो? तू आपल्या मनाने गेलास." मजुराला कामगार म्हणून भरपाई मिळेल म्हणतात, पण भावाचा काही हक्क लागतो का?

उत्तर:

लागतो. आणि तो मजुराच्या हक्काला चिकटलेला नाही, तुमच्या भावाचा स्वतंत्र हक्क आहे. मजुराला उद्या काही मिळालं नाही किंवा त्याने ठेकेदाराशी परस्पर मिटवून घेतलं, तरी भावाचा दावा जागच्या जागी राहतो. कामगार भरपाईचा कायदा मात्र भावाला लागू नाही, कारण तो ठेकेदाराच्या कामावर नव्हता. त्याला दिवाणी न्यायालयात, निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीचा दावा लावावा लागेल.

ही शाखा आपल्याकडे कलमवार लिहिलेली नाही, निवाड्यांवर चालते. इंग्लंडचे जुने निवाडेही आपल्या कोर्टांत वाचले जातात. त्यातला एक इतका तुमच्यासारखा आहे की मी तो सविस्तर सांगतो, कारण ठेकेदाराचा वकील जे जे म्हणेल ते सगळं त्यात म्हणून झालेलं आहे.

१९५२ साल, इंग्लंडमधल्या डर्बीशायरमधलं एक शेत. पन्नासेक फूट खोल विहीर उपसायचं काम एका लहान कंपनीने घेतलं होतं. त्यांनी विहिरीत निम्म्यावर मचाण बांधून पेट्रोलवर चालणारा पंप ठेवला आणि आदल्या दिवशी दीडेक तास चालवला. आत कार्बन मोनॉक्साइड साठला. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या मालकाने दोघा कामगारांना बजावलं की मी येईपर्यंत खाली उतरू नका. तरी एक उतरला, त्याच्यामागे दुसरा उतरला, दोघेही कोसळले. गावच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. अग्निशमन दल येतंय, थांबा, असं वर असलेल्यांनी सांगितलं तरी डॉक्टरांनी कमरेला दोर बांधला आणि ते उतरले. खाली गुंगी आल्यावर दोर ओढायला घेतला तर तो विहिरीतल्या पाइपात अडकला. बंबवाल्यांनी बाहेर काढलं, पण इस्पितळात नेताना डॉक्टर वारले. त्यांच्या पत्नीने कंपनीवर दावा लावला. तो 'बेकर विरुद्ध टी. ई. हॉपकिन्स' म्हणून १९५९ साली अपील न्यायालयात गेला आणि तिथेही पत्नीच्या बाजूनेच लागला.

कंपनीचं म्हणणं तुमच्या ठेकेदाराचंच होतं, फक्त वकिली भाषेत. डॉक्टर धोका ओळखून आपल्या मर्जीने उतरले, म्हणजे धोका त्यांनी पत्करला. न्यायालयाने हे मानलं नाही. विषारी विहिरीत माणसं पडलेली असताना कुणीतरी त्यांना काढायला धावणार, हे कुठल्याही शहाण्या माणसाला आधीच कळायला हवं. म्हणून विहिरीत इंजिन लावणाऱ्याची काळजी घेण्याची जबाबदारी फक्त कामगारापुरती राहत नाही, धावून येणाऱ्यापर्यंत पोचते. तो कोण असेल हे माहीत असण्याची गरज नाही. आणि जीव वाचवायला धावलेल्याला, ज्याच्या चुकीने ते संकट उभं राहिलं त्यानेच "तू आपल्या मनाने आलास" म्हणणं अशोभनीय आहे, असंही तिथे मांडलं गेलं. तेव्हा "मी उतर म्हणालो होतो का" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं, की तू इंजिन आत ठेवलंस तेव्हा आत माणूस अडकला तर लोक बघत बसतील असं तुला वाटलं होतं का?

दुसरा मुद्दा ठेकेदाराच्या वकिलाच्या हातात असेल: "मी मजुराला नको म्हणालो होतो, तोच उतरला." त्या निवाड्यातला मालकही खरंच नको म्हणाला होता, हे लक्षात घ्या. नुसतं नको म्हणून भागत नाही. विषारी वायूचं कारण सांगितलं होतं का, विहिरीचं तोंड झाकून ठेवलं होतं का, वर कुणी उभं होतं का, हे बघितलं जातं. "इंजिन तर तेव्हा बंद होतं" हेही म्हणतील. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंदिस्त विहिरीत हवा फिरत नाही, त्यामुळे इंजिन बंद केल्यावरही तो तासन्‌तास राहू शकतो. डिझेलचा काळा धूर निवळला की विहीर साफ झाली असं आपले लोक समजतात, ती चूक इथेच होते.

आता तुमच्या बाजूची कमजोर कडी. भाऊ उतरला त्या क्षणी मजूर खालीच होता ना? हे फार महत्त्वाचं. १९३३ सालच्या एका इंग्लिश निवाड्यात दुधाच्या गाडीचा घोडा उधळून एका शेतात शिरला होता. तिथे कुणालाच धोका उरला नव्हता. गाडीवाल्याने मदतीला हाक मारली म्हणून एक गृहस्थ कुंपण ओलांडून घोडा धरायला गेले, जखमी झाले, आणि त्यांचा दावा फेटाळला गेला. दोनच वर्षांनी दुसऱ्या प्रकरणात लंडनमध्ये रस्त्यावर सोडून दिलेले गाडीचे घोडे उधळले. वाटेत बायका-मुलं होती. एका पोलिसाने धावत येऊन ते थोपवले आणि जखमी झाला. त्याला भरपाई मिळाली. दोघांमधला फरक एवढाच की दुसऱ्यात कुणाचा तरी जीव त्या क्षणी टांगणीला होता. तुमच्या भावाने मजुराला आधी वर पाठवून नंतर पंप किंवा मोटार काढायला पुन्हा फेरी मारली असेल, आणि पडणं त्या फेरीत झालं असेल, तर दावा अवघड होतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं दिसत नाही, पण जबाबात हा क्रम स्पष्ट यायला हवा.

राहिला भावाचा स्वतःचा दोष. वाचवायला गेला म्हणून त्याला सगळी चूक माफ असं नाही. गोंधळाच्या वेळी माणूस चार गोष्टी तोलून पाहू शकत नाही, हे न्यायालय समजून घेतं, पण अगदीच वेड्यासारखं काही केलं तर भरपाईत टक्के कापले जातात. इथे दोर बांधला होता, वर माणसं होती, हे चांगलं आहे. बंबाची वाट का पाहिली नाही, असं विचारतील. त्याचं उत्तर तालुक्याहून गाडी यायला किती वेळ लागतो यात आहे. १०८ आणि अग्निशमनला केलेल्या फोनची वेळ, गाडी पोचल्याची वेळ, हे मोबाइलमधल्या कॉल लॉगचे फोटो काढून आजच ठेवा. मजुराचा श्वास मिनिटांत थांबत असताना पाऊण तास थांबणं शहाणपणाचं नव्हतं, हे त्या वेळांवरूनच दिसतं.

कागदांकडे येतो, कारण असे दावे बहुतेक इथेच पडतात. इस्पितळाचे केस पेपर घ्या आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडचा उल्लेख आहे का ते पाहा. रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे रक्ताला किती वायू चिकटलाय ते, पहिल्या काही तासांतच मोजावं लागतं. ऑक्सिजन लावला की ते झपाट्याने उतरतं. बोटाला लावायच्या यंत्रावर तर ऑक्सिजनचा आकडा चांगलाच दिसतो, कारण ते यंत्र या वायूला फसतं. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात डिस्चार्ज कार्डावर नुसतं "पडून खांद्याला मार" एवढंच होतं. समोरच्या वकिलाने वर्षभर तेवढ्यावर खेळ केला, की वायूच नव्हता, पाय घसरला. तपासणी झाली नसेल तर निदान दाखल करताना डॉक्टरांनी काय ऐकलं आणि काय लिहिलं त्याची प्रत, आणि पोलिसांनी केलेला पंचनामा मिळवा. पंचनाम्यात इंजिन नेमकं कुठे होतं, कठड्यापासून किती फुटांवर, हे यायला हवं. ते आलं नसेल आणि इंजिन काढून नेलं असेल, तर गावातल्या कुणीतरी त्या दिवशी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हाच तुमचा पंचनामा.

फिर्याद दिली असेल तर चांगलंच. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली बसतो. पण तो खटला वेगळा, हा दावा वेगळा. तिथे ठेकेदार सुटला म्हणून इथे सुटत नाही, कारण फौजदारीत लागतो तितका कडक पुरावा दिवाणीत लागत नाही.

रकमेचा अंदाज मागतील, म्हणून हिशोब करून दाखवतो, आकडे धरून चाललेले आहेत. समजा भाऊ महिना २०,००० कमावतो आणि खांद्यामुळे वेल्डिंगच्या कामाची क्षमता १५ टक्क्यांनी कायमची कमी झाली असं डॉक्टरांनी लिहून दिलं. वर्षाचे २,४०,०००, त्याचे १५ टक्के ३६,०००. मोटार अपघातांच्या दाव्यांत ३१ ते ३५ वयाला १६ ने गुणतात. दिवाणीत तो गुणक बंधनकारक नाही, पण मार्गदर्शक म्हणून धरला जातो. म्हणजे ५,७६,०००. औषधोपचार १,४०,०००, बुडालेली तीन महिन्यांची कमाई ६०,०००. एकूण ७,७६,०००, शिवाय वेदनेबद्दल वेगळी रक्कम. भावाचा दहा टक्के दोष धरला तर त्या ७,७६,००० मधून ७७,६०० वजा, म्हणजे ६,९८,४००. उत्पन्नाचा कागद नसेल तर ज्यांच्याकडे गेट-ग्रिलची कामं केली त्यांच्याकडून पावत्या किंवा साक्ष घ्या.

दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे, पण घाई एका दुसऱ्याच गोष्टीसाठी करू नका. ठेकेदार बहुधा पन्नासेक हजार घेऊन येईल आणि स्टँप पेपरवर "यापुढे काही मागणं नाही" असं लिहून मागेल. या वायूचा परिणाम कधी कधी दोन-चार आठवड्यांनी उमटतो. विसरायला होणं, चिडचिड, चालताना तोल जाणं, असं घरच्यांना आधी जाणवतं. असं काही दिसलं तर लगेच मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आणि खांद्याची खरी हालचाल फिजिओथेरपी संपल्याशिवाय कळत नाही. तोपर्यंत सही करू नका. पैसे द्यायचेच म्हणत असेल तर "उपचारापोटी तात्पुरते" अशी पावती करा.

नोटीस वकिलामार्फत पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. ठेकेदाराबरोबर विहिरीच्या मालकालाही नोटीस द्या, इंजिन आत ठेवायला त्यानेच सांगितलं असेल किंवा इंजिन त्याचंच असेल तर तोही प्रतिवादी होतो. वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करून बघा.

तेवढं कळवा, इंजिन कुणाचं होतं आणि मजूर वर आल्यानंतर किती वेळाने भाऊ पडला.